बाईंचा गंधार १४ सेंट उतरला

माझा सूर गाण्याच्या बाईंच्या सुराशी ताडून पाहणारा प्रोग्राम मी लिहिला, आणि सगळे तुकडे जोडून तो पहिल्यांदा चालवला त्या रात्री त्याने बाईंनाच कणसूर ठरवलं. त्यांचा गंधार १४ सेंट उतरलेला आणि माझा मात्र चोख, असं स्क्रीनवर स्वच्छ लिहून आलं. सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. बाईंचं सगळं आयुष्य गाण्यात गेलंय, मी चार वर्षं शिकतोय. चूक कोणाची नाही हे लगेच कळलं. कुठे आहे हे कळायला बराच वेळ लागला.

सुरुवात अशी झाली. बाईंनी यमनचा एक छोटा तुकडा रेकॉर्ड करून दिला होता: मंद्र नि, रे, ग, मग रे, सा. आकारात, तालाविना, गंधारावर निवांत थांबून. तो ऐकायचा आणि तसाच्या तसा म्हणायचा. मी म्हणायचो, बाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ग बघ." घरी येऊन मी ग बघत बसायचो, पण तो चढतोय की उतरतोय हेच मला ऐकू येत नव्हतं. पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो, म्हणून वाटलं की दोन्ही रेकॉर्डिंग शेजारीशेजारी ठेवून मोजून तरी बघू.

पहिला प्रयत्न अगदीच बाळबोध होता. आवाजाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकाचा एफएफटी काढायचा, म्हणजे त्यात कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे ते बघायचं, आणि सर्वांत उंच शिखर म्हणजे सूर, असं धरलं. माझा सा काळी एक, म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याखालचा शुद्ध नि १३० हर्ट्झच्या आसपास. सेकंदाला ४४१०० नमुने आणि २०४८ नमुन्यांचा तुकडा घेतला की एफएफटीचे कप्पे २१.५ हर्ट्झ अंतराने पडतात: १२९, १५१, १७२... माझा नि आणि माझा सा दोघंही १२९च्याच कप्प्यात जाऊन बसले. त्यावर आणखी एक घोळ. 'आ' म्हणताना मूळ सुरापेक्षा त्याचे वरचे उपस्वर जास्त जोरकस असू शकतात, आणि फोनचा माइक खालचा आवाज तसाही कमी पकडतो. त्यामुळे उंच शिखर म्हणजे सूर, हे गृहीतकच लंगडं होतं. प्रोग्राम मला अधूनमधून तार सप्तकात पाठवत होता.

मग यिन वापरलं. सूर शोधायची ही रीत आलँ द शेवेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ साली मांडली. तिचा गाभा साधा आहे: ध्वनीची लहर स्वतःवरच सरकवत न्यायची आणि किती सरकवल्यावर ती स्वतःशी नीट जुळते ते पाहायचं. माझ्या सा ची लहर ४४१०० च्या हिशेबात दर ३१८ नमुन्यांनी स्वतःची पुनरावृत्ती करते, तेव्हा ३१८ वर फरकाच्या आलेखात खोल खड्डा दिसतो. उपस्वर कितीही जोरकस असले तरी सगळी लहर जुळायची तर ३१८ लागतातच, म्हणून एफएफटीसारखी फसगत होत नाही. अडचण दुसऱ्या बाजूने येते. ३१८ ला जुळणारी लहर ६३६ लाही जुळते. यिन पहिला पुरेसा खोल खड्डा उचलतं. पण आवाज श्वासाळ असला की पहिला खड्डा मर्यादेपर्यंत पोचत नाही, दुसरा पोचतो, आणि सूर अचानक एक सप्तक खाली पडतो. आलेखावर हे ओळखायला सोपं असतं: एखाददुसऱ्या क्षणापुरती रेघ बरोबर १२०० सेंट खाली जाते आणि परत येते. माणसाचा गळा असं करत नाही.

शोधायच्या पट्ट्याला खालून मर्यादा घालून मी आधी हे दाबलं. मंद्र पंचमाखाली बघूच नको, असं सांगितलं. पण तार सा लावला की त्याच्या निम्मा म्हणजे मध्य सा, आणि तो पट्ट्यातच असतो. शेवटी पी-यिनकडे वळलो. ते २०१४ सालचं, माथियास माउख आणि सायमन डिक्सन यांचं. ते एकाच खड्ड्यावर पैज लावत नाही. प्रत्येक क्षणासाठी अनेक उमेदवार आणि त्यांच्या शक्यता धरून ठेवतं आणि उड्या कमीत कमी पडतील अशी सबंध वाट निवडतं. पायथनच्या `librosa` या लायब्ररीत ते आयतं मिळतं:

```python
y, sr = librosa.load("riyaz.wav", sr=22050)
f0, voiced, prob = librosa.pyin(y, fmin=95, fmax=450, sr=sr,
                                frame_length=2048, hop_length=256,
                                resolution=0.05)
cents = 1200 * np.log2(f0 / sa)
```

यातला `resolution` मी पहिल्यांदा लिहिलाच नव्हता. मग आलेखावर माझी मींड जिना उतरल्यासारखी दिसायला लागली, प्रत्येक पायरी बरोबर १० सेंटची. गळ्यात असा जिना कुठून आला म्हणून मी दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. न सांगितल्यास हे फंक्शन उत्तर १० सेंटच्या घरांतच बसवतं. ०.०५ दिलं की घरं ५ सेंटची होतात आणि प्रोग्राम हळू चालतो. १४ सेंटचा वाद सोडवायचा असेल तर १० सेंटची मोजपट्टी कामाची नाही.

शेवटच्या ओळीतल्या `sa` ने मला सगळ्यात जास्त छळलं. बाईंचा सा काळी चार, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. माझा काळी एक. हर्ट्झमध्ये तुलना करण्यात काही अर्थच नाही. दोघांचं गाणं आपापल्या सा पासून किती सेंटवर आहे ते पाहायचं. सप्तकाचे १२०० सेंट, पेटीच्या शेजारच्या दोन स्वरांत १००. पण सा कुठून आणायचा? मी हुशारी केली. कोणत्या सुरावर किती वेळ थांबलो याचा आलेख काढायचा आणि सर्वांत उंच ढीग म्हणजे सा. या तुकड्यात सर्वांत जास्त मुक्काम गंधारावर आहे. प्रोग्रामने ग ला सा मानलं आणि मी भलत्याच रागात शिरलो. हुशारी सोडली, तानपुऱ्याच्या ॲपमध्ये जी पट्टी लावली असेल तोच सा, असं सरळ लिहून टाकलं.

ते केल्याबरोबर माझे सगळेच्या सगळे स्वर १४७ सेंट खाली दिसायला लागले. नि, रे, ग, सा, प्रत्येक जण तेवढाच खाली. दीड पट्टी उतरून गातोय आणि शेजारी वाजणारा तानपुरा मला खटकत नाहीये, हे शक्यच नव्हतं. एकसारखा फरक दिसला की गळ्याकडे न बघता यंत्राकडे बघायचं. ब्राउझर ४८००० नमुन्यांनी रेकॉर्ड करत होता आणि माझा कोड ती फाइल ४४१०० ची समजून वाचत होता. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचे सेंट काढले की १४७ येतात. गंमत म्हणजे ही चूक पहिल्या दिवसापासून होती. सा माझ्याच गाण्यातून काढत होतो तेव्हा सा सुद्धा तेवढाच खाली येत होता, आणि वजाबाकीत सगळं लपत होतं.

माइकचे आणखी दोन किस्से थोडक्यात. तानपुरा स्पीकरवर लावला होता तेव्हा मी श्वास घेत असतानाही प्रोग्रामला माझा सा ऐकू यायचा, तोही बिनचूक. हेडफोन घातल्यावर तो सा नाहीसा झाला. दुसरं म्हणजे लांब धरलेला ग दीडेक सेकंदानंतर विरत जायचा. ब्राउझरमधलं गोंगाट कमी करणारं यंत्र एकसुरी टिकणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजत होतं. `noiseSuppression`, `echoCancellation` आणि `autoGainControl` या तिन्ही गोष्टी `false` केल्यावर माझा ग शेवटपर्यंत टिकला. ती यंत्रं बोलण्यासाठी केलेली असतात, गाण्यासाठी नाही.

तर आता त्या रात्रीकडे. सूर नीट सापडत होता, सा पक्का होता, आणि तरी बाई १४ सेंट खाली. मी स्वरांची यादी अशी लिहिली होती: रे २००, ग ४००, नि ११००. पेटीची यादी. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात, म्हणून शुद्ध ग बरोबर ४०० वर येतो. पण तानपुऱ्याबरोबर गाणारा गळा ४०० ला थांबत नाही. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो तिचा पाचवा उपस्वर. पाचपट कंपनं, दोन सप्तकं खाली आणून ५/४. त्याचे सेंट होतात ३८६. बाईंचा ग ३८६ वर होता. त्या उतरल्या नव्हत्या, माझी यादी चढली होती.

आणि माझा ग ४०० वर चोख का? कारण घरी मी पेटी धरून रियाज करत होतो. मी यादी काढून टाकली आणि बाईंचं रेकॉर्डिंग हाच संदर्भ केला, तेव्हा प्रोग्राम म्हणाला, ग १४ सेंट चढा. पुढच्या शिकवणीला तो आलेख मी घेऊन गेलो. बाईंनी आलेखाकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "एकदा म्हण." म्हटलं. "पेटीतला ग आहे तुझा. पेटी बंद कर महिनाभर."

पेटी बंद केली. आणि गंधार खाली आणायच्या नादात मी तो फारच खाली आणला. एका सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ३५५ वर होता, म्हणजे बाईंच्यापेक्षा ३१ सेंट खाली. एवढं मलाही ऐकू येतं. कानाला सरळ बोचत होतं. पण प्रोग्रामचा निकाल: सरासरी फरक ३ सेंट, उत्तम.

या एका निकालाने मला जे शिकवलं ते बाकीच्या सगळ्या धडपडीने शिकवलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाई आणि मी एकाच वेगाने गात नाही. त्या ग वर अडीच सेकंद थांबतात, मी दोन. म्हणून दोन्ही आलेख एकमेकांवर बसवायला मी डायनॅमिक टाइम वॉर्पिंग वापरलं होतं. ही रीत एका आलेखाला हवं तिथे ताणते, हवं तिथे आवळते आणि एकूण फरक कमीत कमी होईल अशी जोडी लावते. आता बघा काय झालं. बाई रे वरून ग वर मींडेने जातात, साधारण ०.४ सेकंदात. रे २०४, ग ३८६. या प्रवासात त्यांची रेघ एका क्षणी ३५५ मधूनही जाते. फक्त एक क्षण, एक फ्रेम, ११.६ मिलिसेकंद. प्रोग्रामने माझा दोन सेकंदांचा अख्खा गंधार, सुमारे १७० फ्रेम्स, बाईंच्या त्या एका फ्रेमला जोडला. फरक शून्याजवळ. मग ग सोडताना माझा आवाज किंचित वर उचलला गेला होता, ३८० च्या आसपास. त्या एका क्षणाला बाईंचा अडीच सेकंदांचा खरा गंधार जोडला. तिथेही फरक नगण्य. माझा बेसूर ग त्यांच्या मींडेत लपला आणि त्यांचा सुरेल ग माझ्या चुकून झालेल्या झटक्यात.

प्रोग्रामने लबाडी केली नव्हती. मी त्याला फरक कमीत कमी कर असं सांगितलं होतं, आणि जो फरक मला मोजायचा होता तोच त्याला कमी करायला दिला होता. असं घडलंय का हे कळायला एकच आलेख पुरतो: कोणती फ्रेम कोणत्या फ्रेमला जोडली त्याची रेघ काढायची. नीट जुळलं असेल तर ती तिरकी चढत जाते. माझी रेघ लांब आडवी, मग लांब उभी, अशी एका प्रचंड पायरीसारखी होती.

ताणण्यावर बंधन घालून पाहिलं, दुपटीपेक्षा जास्त ताणायचं किंवा आवळायचं नाही. `librosa.sequence.dtw` च्या `step_sizes_sigma` मध्ये `[[1,1],[1,2],[2,1]]` दिलं की ते होतं. लपाछपी थांबली, पण एखाद्या दिवशी दमसास टिकून मी ग खूप लांबवला की सगळंच विस्कटायचं. शेवटी मी ती रीत बाजूला ठेवली आणि आधी मुक्काम शोधायचे ठरवलं. रेघ जिथे किमान १५० मिलिसेकंद ३० सेंटच्या आत राहते तो मुक्काम, बाकी सगळा प्रवास. बाईंच्या तुकड्यात पाच मुक्काम, माझ्यात पाच. पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. प्रत्येक मुक्कामाचा सुरुवातीचा दहावा आणि शेवटचा दहावा भाग सोडून मधल्या भागाचा मध्यक घ्यायचा. सरासरी घेतली की कणस्वर आणि सुटतानाचा झटका तिला ओढतात. मध्यक ढिम्म राहतो. आवाजाला कंप असेल तर तो सेकंदाला साधारण पाच-सहा हेलकावे घेतो, तेव्हा दोन-तीन हेलकावे आत येतील इतका मुक्काम नसेल तर मी त्या स्वरावर मतच देत नाही. माझे चारच मुक्काम सापडले तर प्रोग्राम फरक मोजायचा सोडून देतो आणि "एक स्वर कमी आहे" एवढंच सांगतो. बहुतेक वेळा परतीचा रे गायब असतो, कारण त्याच्यावर मी थांबतच नाही.

सकाळच्या त्या रेकॉर्डिंगवर ही रीत चालवली. ग: ३५५, बाईंच्यापेक्षा ३१ खाली. माझ्या कानाशी एकदाचं जुळलं.

किती फरकाला चूक म्हणायचं, हा प्रश्न उरला होता. मी आधी सरसकट १० सेंट ठेवले होते आणि सगळी स्क्रीन लाल व्हायची. मग बाईंना विनंती करून तोच तुकडा पाच वेळा म्हणवून घेतला. त्यांचा ग ३८१ ते ३९० च्या मध्ये राहिला. मंद्र नि मात्र त्याच्या दुपटीहून जास्त सैल होता, कारण तिथे त्या थांबत नाहीत, नुसत्या टेकून उठतात. म्हणजे प्रत्येक स्वराची सूट वेगळी हवी, आणि ती बाईंच्याच गाण्यात लिहिलेली होती. आता ग ला सूट कमी, नि ला जास्त. बाईंच्या स्वतःच्या पाचही वेळच्या गाण्याला प्रोग्राम हिरवं दाखवतो की नाही, ही माझी पहिली चाचणी असते. ज्या बदलाने बाई लाल होतात तो बदल मी परत फिरवतो.

दाखवायचं कसं, यातही एकदा तोंडावर पडलो. सुरुवातीला गाता गाता हलणारी सुई ठेवली होती. दिसायला झकास. पण ९३ मिलिसेकंदांचा तुकडा हातात आल्याशिवाय सूर निघत नाही, त्यावर माइक आणि स्क्रीनचा उशीर. म्हणजे सुई दाखवते तो सूर मी आधीच सोडलेला असतो. तिला बघून मी खाली यायचो, तोवर ती वर गेलेली, मग मी वर. माझा सरळ लागणारा ग हिंदकळायला लागला, तेही बघण्यापायी. शिकवणीतल्या ताईंनी एकदा वापरून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, मी गात नव्हतेच, मी गाडी चालवत होते." सुई काढली. आता तुकडा पूर्ण होईपर्यंत स्क्रीन कोरी असते, आणि नंतर एकच वाक्य येतं, सर्वांत जास्त चुकलेल्या एका मुक्कामाबद्दल: "ग खाली आहे." खाली दोन बटणं, बाईंचा ग आणि माझा ग. बाईंचा ग माझ्या पट्टीत उतरवून वाजतो, नाहीतर काळी चार आणि काळी एक यांच्यात काही ऐकूच येत नाही. आकडे हवे असतील तर वेगळ्या पानावर आहेत. मी सोडून तिथे कोणी जात नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पाचही मुक्काम हिरवे आले, ग ३८४. बाईंना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाल्या, "ग बरोबर लागलाय. पण आलास कुठून? रे वरून उडी मारलीस."

घरी येऊन आलेख पाहिला. बाईंना रे वरून ग ला जायला ०.४ सेकंद लागतात, मी ०.०९ मध्ये पोचलो होतो. तो भाग मी प्रवास म्हणून सोडूनच दिला होता. आता दोन मुक्कामांच्या मधल्या रेघेला किती वेळ लागला आणि ती मध्ये कुठे रेंगाळली, एवढं मोजायला घेतलंय. वेळ मोजणं जमलं. रेंगाळणं अजून नीट जमत नाही, कारण १५० मिलिसेकंदांची माझी अट बाईंच्या मींडेच्या टोकाला कधी मुक्काम समजते, कधी समजत नाही.